डाव्या फासळीखालची कळ

माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. मला सत्तेचाळीस पुरे व्हायला एकवीस दिवस उरले होते, तेव्हा माझ्या डाव्या फासळ्यांखाली कळ उठली. साल एकोणीसशे एकतीस.

दुपारी शेजारी मुंजीचे जेवण होते. वालाची उसळ दोनदा घेतली, फणसाची भाजी झाली, आणि आग्रहाखातर अकरा जिलब्या. घरी येऊन तासाभरात कळ सुरू झाली. ती वर छातीत चढली, डावा खांदाही दुखू लागला. मी नाडी मोजली. मिनिटाला शहाण्णव.

मी भिंतीशी तक्क्याला टेकून ताठ बसलो. हललो तर काळीज थांबेल, असे वाटत होते. वडीलही असेच टेकून बसले होते.

"अहो, ओवा देऊ?" पत्नीने विचारले.

"ओवा नको. डॉक्टरांना बोलाव."

तिने शेजारच्या मुलाला डॉक्टरांकडे पिटाळले. वडिलांचे वय तिलाही ठाऊक होते.

डॉक्टर येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. तेवढ्यात तिला मी मुलीच्या लग्नाबद्दल सारे सांगून टाकले. ती ऐकत नव्हती, नुसती माझा हात धरून बसली होती.

डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकले. मग डाव्या फासळ्यांखाली चाचपले. "पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली नाही." तिथेच बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकले. पोकळ डब्यासारखा आवाज आला.

"जिलब्या किती?"

"अकरा."

"आणि वाल?"

"दोनदा."

"मोजलेत तरी! अहो, मोठे आतडे उजवीकडून वर येते, आडवे जाते, आणि इथे डाव्या फासळ्यांखाली वळून खाली उतरते. सगळ्यात उंच वळण हेच. वात वर चढून तिथे कोंडला आहे. वरचा, पोट आणि छातीमधला पडदा दाबला गेला की छाती, खांदा दुखतो. तुम्ही ताठ बसून त्याला वरच अडकवून ठेवलेत. ओणवे व्हा."

गुडघे-कोपरे टेकून, डोके खाली घालून मी राहिलो. आठव्या मिनिटाला पोटात गुरगुर झाली, वात सरला. पत्नी तोंडाला पदर लावून आत गेली. हसली की रडली, ते मी विचारले नाही.

जाताना डॉक्टर म्हणाले, "रिकाम्या पोटी, चढ चढताना कळ आली तर मात्र एक पाऊल पुढे टाकू नका. तेव्हा मला बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता मी घराजवळच्या घाटीच्या चढाला लागलो. सावकाश चढलो. एकशे बारा पायऱ्या. प्रत्येक पायरीला छातीकडे कान होता. वर पोहोचलो, तेव्हाही कळ नव्हती. तिथेच बसून मी पहिल्यांदा रडलो.