गोळी कधी घ्यायची

चोपड्याच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा माझ्या पर्समध्ये खडूचा डबा आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. अर्धशिशी मला कॉलेजपासूनची. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा, मग उजव्या डोळ्यामागे घण, मग उलट्या. तेव्हा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी व्हायचं. पुढे पुढे मात्र रोज सकाळी डोकं जड घेऊनच उठायला लागले. चहाबरोबर एक गोळी, मधल्या सुट्टीत दुसरी. गोळी घेतली की चार तास बरे जात, आणि पुन्हा तेच.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. जळगावला मेंदूविकाराचे एक डॉक्टर नव्याने आले होते. नवऱ्याने आग्रहाने नेलं. मला वाटत होतं, ते जास्त जोराची गोळी देतील. त्यांनी रक्तदाब पाहिला, छातीत कधी दुखतं का, घरात कुणाला हृदयविकार आहे का, ते विचारलं आणि मग म्हणाले, "बाई, वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती दिवस घेता?"

"जवळजवळ रोज."

"मग यातली बरीचशी डोकेदुखी त्या गोळ्याच आणतात. असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून तुम्ही पुन्हा गोळी घेता. हे चक्र आधी तोडायला हवं."

मला हसूच आलं. ज्या गोळ्यांवर मी उभी होते, त्याच मला पाडत होत्या?

"सगळ्या बंद करा," ते म्हणाले. "सुरुवातीला त्रास वाढेल. एक-दोन आठवडे कठीण जातील, पण त्यातून बाहेर याल. रात्री घ्यायची एक वेगळी गोळी देतो, ती झटके कमी व्हावेत म्हणून. आणि झटका आलाच तर त्यासाठी नवीन औषध आहे, सुमाट्रिप्टान. पण ते हे चक्र तुटल्यावर."

मे महिन्याच्या सुट्टीत मी धुळ्याला माहेरी गेले. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. डोकं फुटेल असं दुखायचं, पोटात अन्न ठरायचं नाही, हातांना चैन नसायची. आई ओला पंचा कपाळावर ठेवून, आता कसं आहे म्हणून तिच्या अहिराणीत विचारायची, "आते कसं शे?" एकदा मी तिच्याकडे रडून गोळी मागितली. ती उठली नाही. म्हणाली, "डॉक्टरनी सांगेल शे ना?" डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे संपलं. तिने पंचा पुन्हा भिजवून आणला.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका सकाळी जाग आली आणि डोकं हलकं होतं. मी उठून बसले, घाबरतच मान इकडे-तिकडे वळवली. काहीच दुखलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला लागले, तर आई दारात उभी राहून बघतच राहिली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सुमाट्रिप्टानची पट्टी लिहून दिली. पहिल्या झटक्याला मी ती घेतली, पण फार उशिरा. मोठं औषध मोठ्या दुखण्यासाठी, असा माझा हिशेब. दुखणं शिगेला पोचून उलटी झाल्यावर गोळी गिळली, फारसा उपयोग झाला नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुखणं हलकं असतानाच घ्या. पण रेघा दिसताना नाही, प्रत्यक्ष दुखायला लागल्यावर. बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं तरच दुसरी, तीही निदान दोन तासांनी. आणि हीही आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नको, नाहीतर पुन्हा त्याच चक्रात अडकाल."

त्याच हिवाळ्यात सावद्याला मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न होतं. सासरी माझी ओळख म्हणजे कार्याच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडून राहणारी काकू. हळदीच्या सकाळी पाहुण्यांना चहा देता देता चमकत्या रेघा उमटल्या. पण मी ट्रे जावेच्या हातात दिला आणि ओसरीवर भिंतीला टेकून वाट पाहिली. रेघा विरल्या आणि उजव्या डोळ्यामागे बारीक ठणक सुरू झाली. मी लगेच गोळी घेतली.

थोड्या वेळाने मान गरम आणि जड झाली, बोटांना मुंग्या आल्या. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. आतल्या खोलीत डोळे मिटून पडले. घण पडायची वाट बघत होते आणि तो पडलाच नाही. ठणक कमी कमी होत गेली. बाहेरचा वाजंत्रीचा आवाज, एरवी कवटीत खिळ्यासारखा घुसणारा, नुसता वाजंत्रीचा आवाज राहिला.

मी उठून बाहेर आले तेव्हा पुतणीचं अंग हळदीने पिवळं झालं होतं. मला पाहून ती ओरडली, "काकू, तुम्ही उठलात?"

"उठले गं," म्हटलं आणि वाटीतली हळद घेऊन तिच्या गालांना लावली. जाऊ म्हणाली, "पडून राहा थोडं, आम्ही बघतो सगळं." मला पडायचं नव्हतं. भूक लागली होती. पंगतीत बसून मी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि वाढायला आलेल्या दिरांकडे भाजी पुन्हा मागून घेतली.