जवसात तेच आहे, असं मी म्हणाले

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाचा पहिला झटका आला तो साताऱ्यात, भाचीच्या लग्नात, ऐन पंगतीत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवता ना? मग तुम्हालाच सांगतो. उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या, मासे खाणाऱ्या लोकांचं रक्त चटकन गोठत नाही, असं वाचनात येतंय. माशाच्या तेलामुळे असावं. खात्री मी देत नाही, पण कॉड माशाचं तेल थोडं थोडं देऊन बघा."

आता आमचं घर जैनांचं. सांगलीजवळ कृष्णाकाठी ऊस आणि हळद. कांदा-लसूण घरात येत नाही, तिथे मासा! आण्णांनी ऐकून घेतलं. एसटीत कडेगावपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "बाळ, तू शिकलेली. दुसरं काय न्हाई का गं त्याच्या जागी?"

मी तत्काळ सांगितलं, "आहे की! जवस आहे. अक्रोड आहे. जवसात तेच आहे आण्णा."

तेच आहे! किती सहज बोलून गेले. आज ज्याला पोरंटोरंही ओमेगा थ्री म्हणतात, ते जवसात भरपूर असतं, हे खरंच होतं. मिरजेच्या कॉलेजात दरवर्षी मी फळ्यावर जवसातल्या आम्लाचं नाव लिहायची, पुढे बाण काढायची आणि बाणाच्या टोकाशी माशातलं आम्ल लिहायची. पण बाण एवढंच सांगतो की रस्ता आहे. त्या रस्त्याने किती जण पोचतात, ते सांगत नाही. फळ्यावर बाण काढायला काय जातं! पोरांना पाठ करून घेतलं आणि स्वतः मात्र विचार केला नाही. मास्तरीणबाईंची चूक, दुसरं काय.

आईने दुसऱ्याच दिवशी जवस भाजलं, लाल मिरची आणि जिरं घालून कुटलं. घाण्यावरून ताजं जवसतेल आलं, ते भाकरीवर कच्चंच. सकाळी चार अक्रोड. आण्णा कुरकूर न करता खात होते. इतकंच नव्हे, मंदिरात, बाजारात, जो भेटेल त्याला सांगत होते, "मासा मासा करत्यात, आवं आपल्या जवसात समदं हाय. आमची लेक सांगती." मला काय गोड वाटायचं ते ऐकून! अभिमानच वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मुंबईला माझी एक मैत्रीण प्रयोगशाळेत होती. तिच्याकडे रक्तातली चरबी घटकाघटकांत वेगळी करून मोजणारं यंत्र नवंच आलं होतं. मी हौसेने आण्णांचं रक्त पाठवलं, तीन महिने जवस खाऊन झाल्यावरचं. जोडीला आमच्या कॉलेजच्या शिपायाचंही. तो मालवणकडचा, सुके बांगडे नसले तर जेवण अडायचं त्याचं. दोन्ही नमुने बर्फाच्या थर्मासमध्ये घालून रेल्वेने गेले.

उत्तर आलं ते दोन लांब कागद, त्यांवर यंत्राच्या पेनाने काढलेले डोंगर. आण्णांच्या कागदावर जवसातल्या आम्लाचा डोंगर चांगला उभा होता. म्हणजे जवस अंगी लागत होतं. आणि जिथे माशातलं आम्ल दिसायला हवं, तिथे रेघ जेमतेम उचकी लागल्यासारखी हलली होती. शिपायाच्या कागदावर त्याच जागी ठळक टोक.

मी मग पुस्तकं काढली, आणि जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. जवसातलं आम्ल अठरा कार्बनचं, तीन दुहेरी बंधांचं. माशातलं वीस कार्बनचं, पाच बंधांचं. एकाचं दुसरं करायचं तर शरीराने आधी एक बंध घालायचा, मग दोन कार्बन जोडायचे, मग आणखी एक बंध. पहिल्या बंधाचं एन्झाइम आधीच संथ. आणि त्याच एन्झाइमपुढे करडईच्या तेलातलं लिनोलिक आम्लही रांग लावतं. आमच्या घरी भाजी करडईच्याच तेलात! कोलेस्टेरॉलसाठी ते चांगलं म्हणून मीच सुरू केलं होतं. अक्रोडातही ते लिनोलिकच जास्त. उरलंसुरलं जवसाचं बरंचसं शरीर सरळ जाळून टाकतं. बाणाच्या टोकाशी पोचतं ते अगदी थोडं. आण्णांचं अंग काही वेगळं नव्हतं, सगळ्यांचंच असं.

जवस वाईट नव्हतं. ते फक्त तेच नव्हतं.

सांगायला हवं होतं. त्याच रविवारी गावी गेले, कागद पिशवीत होते, आणि सांगितलं नाही. आण्णा ओट्यावर बसून हसत होते, कसं सांगू? पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. असे सहा रविवार गेले. दर वेळी आई मला घरी न्यायला चटणीची बरणी भरून द्यायची आणि मी मुकाट्याने घ्यायची. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. सगळ्यात जास्त भीती ही, की मीच त्यांचा जीव धोक्यात घातला.

सातव्या रविवारी गेले तर आण्णांच्या गालात तंबाखू! झटक्यानंतर सोडली होती त्यांनी.

"आण्णा, हे काय?"

"आगं एवढीशी. जवस हाय की रोज. ते राखतंय."

मग मात्र माझा बांध फुटला. आधी त्यांच्यावर ओरडले, मग रडले, मग सगळं सांगितलं. बाण, एन्झाइम, करडई, दोन्ही कागद उलगडून दाखवले. आण्णांनी चूळ भरून तंबाखू थुंकली आणि दोन्ही कागद मांडीवर घेतले. शिपायाचं टोक बोटाने चाचपलं, मग स्वतःची सपाट रेघ.

"म्हंजे तेच न्हाई."

"नाही आण्णा. तुम्हाला ते तेल घ्यायचं असेल तर मी आणून देईन. औषध म्हणून. कुणाला कळणार नाही."

"तुला कवा कळलं?"

"सहा आठवडे झाले."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. आण्णांनी कागदांची घडी घातली. मला वाटलं, आता संतापतील, आणि संतापले असते तर बरं झालं असतं. पण आवाज अगदी खालचा होता.

"मासा मी घेणारच न्हवतो, बाळ. मरण समोर आलं तरी न्हाई. येष्टीत तेच ठरवत हुतो, निम्मं ठरलंबी हुतं. तेवढ्यात तू म्हणालीस, जवसात तेच हाय. मग धर्मापायी जिवावर पाणी सोडावंच लागलं न्हाई. चार-पाच म्हैने मंदिरात ताठ मानेनं फिरलो, आन् सोडलं काय? काईच न्हाई."

"आण्णा, मी तुमच्या भल्यासाठी..."

"ठाऊक हाय. पर त्यो त्याग माझा हुता गं. त्यो तू मला करूच दिला न्हाईस."