रोक की रोख

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या सिकंदराबादच्या ऑफिसात एका सोमवारी सकाळी माझ्या दोन्ही कानांना सेवेतून मुक्त करण्यात आले. समारंभ झाला नाही. शाल मिळाली नाही. नारळ तेवढा मिळाला.

माझं कामच कानांचं होतं. दुकानदारांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या आणि उधारीवर माल सोडायचा की नाही ते ठरवायचं. बाकी किती हे कागद सांगायचा, पण माणूस देणार की झुलवणार हे आवाज सांगायचा. बेगम बाजारातला एक व्यापारी पैसे थकले की माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. ‘भाई, तबियत तो ठीक है ना?’ ऐकलं की मी त्याचा माल खुशाल अडवून ठेवायचो. तो बिचारा समजायचा, माझी तब्येतच बरी नसावी.

मग मालकांनी तेलाची, डाळ-पिठाची आणि साबणाची अशा तीन फर्म मोडून एकच कंपनी केली. भिंती पडल्या, टेबलं फिरली, ब्रँच मॅनेजर हे पदच नाहीसं झालं, आणि माझ्या कानांच्या जागी कॉम्प्युटर आला. त्याचा कारभार सरळ होता. प्रत्येक दुकानदाराला उधारीची एक मंजूर लिमिट. ऑर्डर नोंदवली की तो आधीची बाकी आणि नवी ऑर्डर यांची बेरीज करायचा. बेरीज लिमिटच्या वर गेली की ऑर्डर आपोआप थांबायची, गोदामात माल काढायची चिठ्ठीच निघायची नाही. दुकानदाराच्या मोबाइलवर दोन शब्द जायचे, ‘ऑर्डर रोक’. भाषा आपली हैदराबादी, अक्षरं मात्र इंग्रजी. आर, ओ, के.

खरं सांगतो, बेगम बाजारच्या त्या व्यापाऱ्याची ऑर्डर पहिल्याच दिवशी थांबली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तो कॉम्प्युटरला तब्येत कशी विचारणार?

दुसऱ्या दिवशी अंबरपेठच्या बाई आल्या.

किराणा दुकान चालवायच्या. मूळ नांदेडकडच्या, बोलण्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू एकाच पिशवीत. मला भाऊ म्हणायच्या. त्यांना नुकतंच मुलींच्या एका हॉस्टेलच्या मेसचं काम मिळालं होतं. तांदूळ त्यांच्याकडे होता, तेल, डाळ आणि पीठ आमच्याकडून जायचं होतं. वॉर्डनबाईंनी बजावलं होतं, संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी माल पोचला तर काम तुमचं, नाही तर गल्लीच्या तोंडाशी दुसरं दुकान आहे.

बाई माझ्या टेबलाशी आल्या त्या हसतच. हातात पावती.

“भरले बघा भाऊ. आता पाठवा गाडी.”

“काय भरले?”

“पैसे. तुमचाच मेसेज आला ना? ऑर्डर रोख. म्हनलं, उधार नको म्हनत्यात तर नको. ऑर्डरीचे सगळे रोख देऊन टाकले कॅशियरला.”

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. आर, ओ, के. कॉम्प्युटरने रोक म्हटलं, बाईंनी रोख वाचलं. इंग्रजी अक्षरांना क आणि ख यांतला फरक पडत नाही, आपल्याला पडतो. क्षणभर मला हसू आलं. मग मी त्यांचं खातं उघडलं आणि ते हसू मावळलं.

कॅशियरने पैसे घेतले, बाईंच्या नावावर जमा केले, पावती दिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. जमा झालेले पैसे कॉम्प्युटरने शिस्तीत सगळ्यात जुन्या बिलांना लावले. बाकी तेवढी उतरली. पण ऑर्डर होती तिथेच होती, थांबलेली. कारण बाकी अजूनही लिमिटच्या वर होती.

आणि वर का, तेही मला तिथेच दिसलं. बाई तिन्ही जुन्या फर्मकडून माल घ्यायच्या. तिथे त्यांची तीन खाती होती, तीन लिमिट होत्या. खाती एक करताना बाकी तिन्हींची आली, लिमिट आली फक्त तेलाची. एकही हप्ता न चुकवता बाई सोमवारपासून थकबाकीदार झाल्या होत्या.

“म्हंजे पैसे पन गेले आन माल पन नाही?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “भाऊ, ते माझ्या दुकानाचे नाहीत. भिशीचे उचलून आनले मी.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि पावती घेऊन क्रेडिट मॅनेजरकडे गेलो.

हा मॅनेजर नवा, तरुण, कडक इस्त्रीचा. आम्ही पाठीमागे त्याला ‘कलेक्टर’ म्हणायचो. त्याने सगळं नीट ऐकलं, खातं दोनदा तपासलं.

“लिमिट गलत है,” तो म्हणाला. “लेकिन रोक सही है. लिमिट हेड ऑफिस बढ़ाता. चार-पाँच दिन.”

“आणि आजची ऑर्डर सोडायची असेल तर?”

“ब्रँच मॅनेजर छोड़ सकते.”

“ते पदच उरलं नाही, साहेब.”

“मालूम. मंजुरी की अर्जी अभी भी उनकेच पास जा रही.”

म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींच्या विनवण्या सोमवारपासून एका रिकाम्या खुर्चीसमोर रांग लावून उभ्या होत्या. एरवी हे मी तिखटमीठ लावून ऑफिसभर सांगितलं असतं. पण केबिनच्या काचेपलीकडे बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

“साहेब, बाई उधार मागतच नाहीयेत,” मी म्हणालो. “त्यांनी नव्या मालाचे पैसे आणले. आपण ते जुन्या बिलांना लावले. आजची पावती रद्द करा, त्याच पैशांत रोखीचं बिल फाडा. बाकी सकाळी होती तेवढीच राहील, एक रुपयाही वाढणार नाही.”

पावती रद्द करायचा अधिकार त्याला होता, पण दिवस मावळायच्या आत. तरी विचारलेलं बरं म्हणून त्याने हेड ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“वसूल झालेले पैसे परत?” पलीकडचा आवाज म्हणाला. “लिमिटच्या वरच्या पार्टीला?”

“परत नहीं सर. रोख बिल. उधार शून्य.”

“उद्या सगळेच असं करतील.”

“करेंगे तो नगद ही आएगा ना सर.”

पलीकडे कागदांची सळसळ. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाहेर गोदामाची शेवटची गाडी मागे घेत होते, तिचा पीं-पीं आवाज आत येत होता.

“तुमच्या जबाबदारीवर,” आवाज म्हणाला.

कलेक्टरने घाम पुसला. सकाळपासून पहिल्यांदा त्याची इस्त्री मोडलेली दिसली. त्याने पावती रद्द केली, कॅशियरने रोखीचं बिल काढलं, मी चिठ्ठी घेऊन स्वतः गोदामाकडे पळालो आणि गाडीच्या बॉनेटवर हात आपटून ती थांबवली. डबे आणि पोती चढली. बाई ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. हॉस्टेल गाठेपर्यंत चुली पेटलेल्या असतील की नाही, हे आमच्यातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं.

कलेक्टरही बाहेर आला होता. हातातला फोन अजून चालू, स्पीकरही चालू, पलीकडे हेड ऑफिस ऐकतंय याचं त्याला भान नव्हतं. गाडी हलली तसा तो तिच्यामागे दोन पावलं धावला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडला, “अम्मा, अगली बार पैसे लाए तो पहले मेरेकू दिखाओ, कॉम्प्युटर कू नक्को!”