दहा हजाराचा कप्पा

मानसिंगरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं, तेव्हा घरातून निघताना ते बायकोला म्हणाले, "विजे, नानासो येईल. कपाट त्याला दिऊन टाक. माझ्याच्यानं आता व्हत न्हाई."

विजयमालाबाईंनी त्यांची पिशवी उचलून दाराशी ठेवली. ते कपाट म्हणजे मानसिंगरावांचा जीव की प्राण, हे उंब्रजला सगळ्यांना ठाऊक होतं. सैन्याच्या सिग्नल तुकडीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर कराडच्या एका बंद पडलेल्या वैद्याच्या दुकानातून त्यांनी ते आणलं. जिथं चूर्णं आणि मात्रा असायच्या, त्या चिमुकल्या कप्प्यांत रेझिस्टर, कपॅसिटर आणि आयसी जाऊन बसले. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. '१० के, पाव वॅट.' '०.१ मायक्रो, चकती.' '७४१, गोल पत्र्याची' आणि शेजारी '७४१, आठ पायांची लांबट'. आयसी तीच, पण एक बसायची तिथं दुसरी बसत नाही, म्हणून कप्पे वेगळे. संध्याकाळी ते कप्पे उघडून बसले की विजयमालाबाई शेजारी वाकळ शिवत बसायच्या.

गेलं वर्षभर मात्र सगळं बिनसलं होतं. मानसिंगरावांच्या आईला, अंबूबाईंना, ऐकू येईनासं झालेलं. त्यांच्यासाठी मानसिंगराव एक डबी करत होते: पुढं माईक, आत ट्रान्झिस्टर, कानाला लावायला हेडफोन. जोडणीचा नकाशा साधा होता, पण डबी मुकीच. तीनदा ट्रान्झिस्टर बदलला, तरी खरखरसुद्धा नाही. "बुद्धी गंजली माझी," म्हणून त्यांनी ती कोनाड्यात टाकली.

ते मिरजेला गेले, पुतण्या सोबत राहिला. नानासो येणार म्हणून विजयमालाबाई कप्पे पुसायला बसल्या. चिठ्ठी मराठीत, ती वाचता यायची. '१० के' लिहिलेला, म्हणजे दहा हजार ओहमच्या रेझिस्टरांचा, कप्पा त्यांनी सुपात ओतला आणि हात थांबला. वाकळीसाठी चिंध्या लावून लावून रंगाला डोळा बसलेला. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे म्हणजे त्याचा आकडा, तो वाचताना सोनेरी पट्टा उजवीकडं धरायचा, हे नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. सगळ्यांचा पहिला पट्टा तपकिरी, दुसरा काळा. पण तिसरा? काहींचा नारिंगी, काहींचा लाल.

कराडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे मानसिंगरावांचे जुने मित्र नानासो दुपारी मीटर घेऊनच आले.

"भावजी, ह्यात दोन जाती हायत."

नानासोंनी एकेक मोजला. "व्हय की वैनी. नारिंगीवाले दहा हजाराचे. लालवाले नुसते हजाराचे. मानसिंग असं कालवायचा न्हाई."

"ह्या कप्प्यातलाच कोनाड्यातल्या डबीत लावलाय का?"

नानासोंनी डबी उघडली. ट्रान्झिस्टरच्या खालच्या बाजूला दहा हजाराच्या जागी लाल पट्ट्याचा बसला होता. "घ्या! इथं हजाराचा बसला तर ट्रान्झिस्टर जागाच व्हत न्हाई. त्याला तेवढा विजेचा दाबच मिळत न्हाई."

विजयमालाबाई सुपाकडं बघत राहिल्या. मोतीबिंदूच्या पिवळट पडद्याआडून लाल काय आणि नारिंगी काय! मीटरची सुई तर मानसिंगरावांना एकाच्या दोन दिसायची. बुद्धी गंजली नव्हती, नजर गेली होती. आणि बिचारा माणूस वर्षभर स्वतःलाच दोष देत बसला.

"भावजी, कपाट न्हेऊ नगा."

"न्हेतंय कोण?" नानासो डबी मिटत म्हणाले. "मी दुरुस्त करू का?"

"ऱ्हाऊ द्या. त्यास्नीच करू द्या."

दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. विजयमालाबाईंनी नवऱ्याला खिडकीत बसवलं आणि सूप पुढं ठेवलं. एका बाजूला नारिंगी, दुसऱ्या बाजूला लाल.

मानसिंगरावांनी एक उचलला, चष्म्याजवळ नेला, मग दुसरा. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे एका कप्प्यात हुतं?"

"व्हय."

"मीच टाकलं?"

"तुमी न्हाई. डोळ्यांनी टाकलं."

ते हसायला गेले आणि हसताना चष्म्याची भिंगं धूसर झाली. विजयमालाबाईंनी पदरानं ती पुसून दिली.

दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनी डबीतला हजाराचा उपटून नारिंगी पट्ट्याचा जोडला. कथलाचं वितळलेलं झाळण दोनदा सांडलं. मग आईच्या कानाला हेडफोन लावला आणि बायकोला खुणावलं, "बोल."

विजयमालाबाई पुढं सरकल्या. माईकजवळ तोंड नेऊन त्या हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, च्या घेता का?"

अंबूबाईंनी दचकून कानावर हात ठेवला. सुनेचं तोंड न्याहाळलं. डोळे भरून आले, पण आवाज मात्र पूर्वीसारखाच खणखणीत निघाला:

"घेती की. पर साखर जरा जास्त टाक. लय दिवस झालं तुला सांगीन म्हणती!"