तीन राजे आणि मुफलिस

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तीन पत्ती शिकवायची, असं आजोबांनी ठरवलं होतं. मी मात्र टाळत होते. त्याचं कारण आज लिहिते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आजोबांच्या उजव्या हाताला पत्ते धरवत नाहीत. म्हणून त्यांचे पत्ते मी धरते, खेळतात ते. मी बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम.

भाऊबीजेला दुपारी निमोण्याहून त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आपल्या आत्या, आणि त्यांचे यजमान आमच्याकडे दौंडला आले. जेवणानंतर चिंचोके घेऊन डाव मांडला. पहिला डाव जोकरचा होता. पत्ते वाटून झाले की वरचं पान उलटायचं. ते ज्या अंकाचं, त्या अंकाचं प्रत्येक पान जोकर, म्हणजे हव्या त्या पानाच्या जागी चालतं. सत्ती उलटली. आजोबांना सत्ती आणि दोन नव्व्या आल्या होत्या. सत्ती धरून तीन नव्व्या झाल्या, आणि तीन सारख्या पानांपुढे बाकी सगळं हलकं!

"नुसती जोडी आहे. टाक," ते म्हणाले.

मी पत्ते पालथे ठेवले. डॉक्टरांनी विसरण्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

"आता मुफलिस!" आत्यांनी पत्ते वाटले. मुफलिसमध्ये सगळं उलटं. ज्याचे पत्ते सर्वांत हलके, तो जिंकतो. तीन सारखी आली की बुडालाच. आमच्याकडे एक्का मोठाच धरतात, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांची दुर्री, तिर्री, पंजी हा सर्वांत चांगला हात.

मी आजोबांचे पत्ते उघडले. तीन राजे!

"वा!" त्यांचा चेहरा खुलला. "चाल." त्यांनी दोन चिंचोके पुढे सरकवले.

डाव बदललाय, हेच ते विसरले, मी मनात म्हटलं.

"दादा लई खूश हायेत. दुर्री-तिर्रीच हाय," आत्यांचे यजमान म्हणाले आणि त्यांनी पत्ते टाकले.

"माझी चाल," आत्या म्हणाल्या.

"माझी दुप्पट," आजोबा शांतपणे म्हणाले.

आत्यांनी आपल्या पानांकडे पाहिलं, मग भावाकडे. "न्हाई बाबा, माझं मोठं पान अठ्ठी हाय. घे, तूच घे." त्यांनीही पत्ते टाकले.

"दाखव गं आता," आजोबा मला म्हणाले.

मी राजे खाली ठेवले. आत्या ओरडल्याच, "आरं लबाडा! मुफलिसात तीन राजं घिऊन चाल केलीस व्हय?"

"त्याशिवाय तुम्ही घाबरला असतात का?" आजोबा हसत हसत चिंचोके ओढू लागले. मी पदराने डोळे टिपले. ते त्यांनी पाहिलं.

ती दोघं गेल्यावर मला म्हणाले, "मघाशी सत्ती जोकर होती ना? ते मात्र खरंच निसटलं."

"हो."

"मग रविवारी मुलांना जोकर तू शिकव. मुफलिस मी."