आमचं राऊटर चीनमध्ये होतं तेव्हा

जुलैमधल्या मंगळवारी सकाळी माझ्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं. दुपारी ते गेले.

घरात सासूबाई, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी. मुलीला गणित तेच शिकवायचे. रात्री आठ ते दहा. आठ वाजले की उठून राऊटरचं बटण बंद करायचे, त्यावर कुणाचं काही चालत नसे. ते गेल्यावर मुलीने गणिताची वही उघडली नाही. मी बटण बंद करायला उठायची आणि तिथवर जाऊन परत यायची. मग आम्ही चौघं चार कोपऱ्यांत आपापल्या पडद्यांसमोर बसायचो. सहामाही परीक्षा जवळ आली होती.

जुनं राऊटर बिघडलं म्हणून मी उल्हासनगरहून दुसरं आणलं. दुकानदार म्हणाला, "भाभी, इसमें टाइमर है. आप सिर्फ टाइम डालो, बच्चे अपने आप पढ़ेंगे." मी ग्रंथालयात काम करते. छापील सूचना वाचून पाळणं एवढं मला येतं. शनिवारी संध्याकाळी पावणेआठला राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून मी वाय-फाय बंद होण्याची वेळ आठ आणि सुरू होण्याची दहा अशी भरली. रोजसाठी.

आठ वाजले. काही झालं नाही. सव्वाआठ झाले. मुलगा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "मम्मी, टाइमर अभ्यासाला बसला वाटतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. सासूबाई दर रविवारी पाच वाजता टॅबवर भन्तेजींचं प्रवचन ऐकतात. साडेपाचला भन्तेजी बोलता बोलता थांबले. हात वर, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर गोल फिरणारं चक्र.

"अगं, भन्तेजींना काय झालं बघ," सासूबाई म्हणाल्या.

टॅबवरचं वाय-फायचं चिन्ह गेलं होतं. त्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे 'इंटरनेट नाही' एवढंच लिहून आलं. मी नेटवर्कची यादी उघडली. सगळ्या शेजाऱ्यांची नावं होती, आमचंच नव्हतं. माझ्या मोबाइलवर मात्र नेट चालू होतं. वर बघितलं तर तो गुपचूप सिमच्या डेटावर गेला होता. आणि मुलगा टीव्हीवर आरामात कार्टून बघत होता.

"तुझं कसं चालू?"

"टीव्हीला वायर आहे ना. फक्त वाय-फाय बंद झालंय, नेट चालू आहे."

"आणि तू मला हे आत्ता सांगतोस?"

"तू आत्ता विचारलंस."

सेटिंग बघायचं तर वाय-फायच नव्हतं. म्हणून टीव्हीची वायर काढून लॅपटॉपला लावली. मुलाने अन्याय झाल्यासारखं तोंड केलं. मुलगी इतका वेळ पलंगावर आमच्याकडे पाठ करून पडली होती, ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. राऊटरच्या पानावर वेळ होती रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. आमच्या भिंतीवर पाच चाळीस.

मुलीने हाताशी आलेलं पेन आणि पाठकोरा कागद घेतला. आठ-दहामधून पाच-चाळीस वजा. अडीच तास. त्याखाली लिहिलं, आपले साडेपाच, अधिक अडीच, बरोबर आठ. तिने पडद्यावर बोट ठेवलं. टाइम झोनच्या रकान्यात बीजिंग होतं.

"मम्मी, तू वेळ बरोबर घातलीस. पण हे राऊटर चीनमध्ये राहतंय."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे चीनमध्ये आठ वाजले म्हणून माझे भन्तेजी बंद केले?"

"हो आजी. तिकडची पोरं अभ्यासाला बसली."

"मग त्यांना म्हणावं बसा. आमचं कशाला बंद करता?"

पहिलं कोण हसलं आठवत नाही. मी जमिनीवर बसले. मुलगा हसता हसता वायरीत पाय अडकून माझ्यावर पडला. सासूबाईंचा पदर डोळ्यांना होता आणि खांदे हलत होते. क्षणभर मी घाबरले, पण त्या हसतच होत्या. शेजारची बाई दारात आली, आमच्याकडे बघून काही न विचारता परत गेली. ते गेल्यानंतरच्या जलदानविधीला अजून तीन महिने झाले नव्हते. लोक काय म्हणतील हे मनात आलं आणि त्याचंही हसू आलं.

टाइम झोन मुलीनेच बदलला. 'सेव्ह' दाबल्यावर थोड्या वेळात टॅबवर आमच्या नेटवर्कचं नाव उगवलं आणि भन्तेजींचा हात खाली आला.

त्या रात्री आठला सगळ्यांचं वाय-फाय एकदम गेलं. मुलाने टाळ्या वाजवल्या. माझा मोबाइल लगेच सिमच्या डेटावर गेला, तेव्हा मुलीने तो उचलून डेटा बंद केला आणि टीव्हीची वायर काढून स्वतःच्या दप्तरात ठेवली. मग गणिताची वही काढली. पहिलं उदाहरण चुकलं. मला ते तपासता येईना, म्हणून तिने मला समजावून सांगितलं.

आता आठ ते दहा ती मला गणित शिकवते. मी वर्गसमीकरणांपर्यंत आले आहे.