पाठीवर, फक्त पाठीवर

ओहायोत शाळेची बस चालवण्यात आयुष्य काढलेल्या व्हर्नाने सून केल्सीने तान्ह्या नातवासाठी, ओटिससाठी, फ्रिजवर चिकटवलेला कागद चष्मा लावून वाचला. आंघोळ, बाटली, गोष्ट, मग पांघरुणाऐवजी अंगात झोपेची पिशवी घालून पाळण्यात. पाठीवर, फक्त पाठीवर. गादी कडक हवी. उशी, पांघरूण, खेळणं काही नको. जागा झाला तर जरा थांबा, थोपटा, डायपर बघा, भूक असेल तर बाटली द्या. त्याला घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नका.

"पहिल्यांदाच सांभाळताय, म्हणून लिहिलं," केल्सी कोट चढवत म्हणाली. "तुम्ही विणलेलं पांघरूणही नको हं. तुमच्या वेळी काय, काहीही चालायचं!"

"काहीही नाही चालायचं," व्हर्ना फणकारली. "आम्हालाही कागद दिला होता."

केल्सीला ऐकायला वेळ नव्हता. ती गेली.

दवाखान्यातल्या त्या कागदावर लिहिलं होतं, बाळाला पालथं निजवा. व्हर्नाने तान्ह्या लेकीला, लोर्नाला, तसंच निजवलं. सकाळी पोर थंडगार. हिचंच लक्ष नव्हतं, असं सासू चर्चभर सांगत सुटली. पुढे पालथं निजवणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं म्हणत डॉक्टरांनी सल्ला फिरवला, पण "आमचं चुकलं" म्हणायला व्हर्नाच्या दारात कुणी फिरकलं नाही.

ओटिस रडला. तिने थोपटलं, बाटली दिली, पुन्हा पाठीवर ठेवलं. मग खुर्ची ओढून त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत बसली. लोर्नाच्या वेळी कागदावर विश्वास ठेवून ती झोपली होती.